शेवटच्या बाकाचा कौल

दहावीचा क्लास चालवणाऱ्या माणसाला बोर्डाच्या निकालापेक्षा समोरच्या क्लासच्या फ्लेक्सची जास्त धास्ती असते. समोरच्यांनी ‘डिजिटल क्लासरूम’ असा फ्लेक्स लावला आणि त्याच आठवड्यात आमच्याकडे चौकशीला आलेल्या एका वडिलांनी फळ्याकडे असं पाहिलं, की तो मी हडप्पाच्या उत्खननातून आणला असावा. रात्री सौ. म्हणाली, “घेऊन टाका काहीतरी.” आता हे ‘काहीतरी’ म्हणजे प्रोजेक्टर की मोठा स्मार्ट टीव्ही, एवढं ठरवायचं होतं. एवढ्याशा प्रश्नावर अख्खी गल्ली कामाला लागली.

मेव्हणा प्रोजेक्टरच्या बाजूचा. “भाऊजी, शंभर इंची चित्र! टीव्हीत शंभर इंच घ्यायला क्लास विकावा लागेल.” खालचा मेडिकलवाला टीव्हीच्या बाजूचा, कारण त्याच्या घरी टीव्ही होता. ऑनलाइन एका प्रोजेक्टरवर उजेडाचं माप ‘९००० ल्युमेन्स’ असं लिहिलं होतं, किंमत मिक्सरएवढी. इथे मात्र माझ्यातला विज्ञानाचा मास्तर जागा झाला. नुसते ल्युमेन्स कोणीही छापतो, ठरलेल्या पद्धतीने मोजलेले आकडे बहुधा एएनएसआय ल्युमेन्समध्ये देतात. त्या वस्तूच्या माहितीत ती चार अक्षरं कुठेच नव्हती. ‘१०८० पी सपोर्ट’ होतं, म्हणजे १०८० पीचा व्हिडिओ आत घेतो. बाहेर किती टाकतो ते शेवटच्या ओळीत, बारीक अक्षरात.

शेवटी लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या ओळखीच्या एकाकडून त्याचा चांगला, साडेतीन हजार ल्युमेन्सचा प्रोजेक्टर संध्याकाळपुरता मागून आणला. आमची खोली बावीस फूट लांब, चौदा फूट रुंद. फळा एका टोकाला, खिडकी दुसऱ्या टोकाला आणि तीही पश्चिमेची. साध्या प्रोजेक्टरला शंभर इंची चित्रासाठी भिंतीपासून साधारण अकरा फूट लागतात. टेबलावर ठेवला तर पुढच्या बाकावरच्या मुलांच्या शेंड्या भिंतीवर उमटल्या आणि मी फळ्याजवळ गेलो की अपवर्तनाचा किरण थेट माझ्या टकलावर आपाती होऊ लागला. मग शिडी लावून छताजवळ धरला, तर वाटेत पुढचा पंखा. पाती प्रकाश कापत फिरायला लागली आणि काचेचा लोलक डोळे मिचकावू लागला. पंखा बंद केला. एप्रिलचा महिना, तीस मुलं, त्यातली निम्मी खेळून आलेली. पुढचं सांगत नाही.

खरी गंमत चार वाजता झाली. ऊन खिडकीतून आत आलं आणि आकृतीतल्या काळ्या रेषा राखाडी झाल्या, लाल किरण गायबच. मेव्हणा म्हणाला, ब्राइटनेस वाढवा. पण प्रोजेक्टर फक्त उजेड टाकतो, काळोख टाकू शकत नाही. चित्रातली काळी जागा म्हणजे जिथे त्याने काहीच टाकलेलं नाही अशी भिंत. भिंतीवर ऊन आणि ट्यूबचा उजेड असेल तर काळा रंग तेवढाच काळा, जेवढी ती भिंत. पडदे ओढून ट्यूब घालवली की चित्र झकास दिसतं, फक्त मुलांना वही दिसत नाही. आणि अंधारात दहावीची मुलं काय काय करतात याचा मला वीस वर्षांचा अनुभव आहे. भिंतीलगत साडेतीन-चार फुटांवर टांगायचा ‘शॉर्ट थ्रो’ मिळतो. त्याने पंखा आणि टक्कल दोन्ही सुटतात, पण उन्हाला तोही काही करू शकत नाही आणि किंमत टीव्हीच्या वर जाते.

म्हणजे टीव्ही. पण केवढा? दुकानदार म्हणाला, “सर, पंचावन्न इंची भरपूर झाला.” दुकानात सगळं भरपूरच दिसतं, कारण आपण सहा फुटांवर उभे असतो. मी ठरवलं की कौल शेवटच्या बाकाचा. पालक दारातून बघतात, मी पुढून बघतो. फी मात्र शेवटच्या बाकाचीही पूर्णच असते. वाचायचा मजकूर असेल तर सगळ्यात लांबचा माणूस चित्राच्या उंचीच्या सहापटीपलीकडे नसावा, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. इंच सांगतात ते कर्णाचे. पासष्ट इंची टीव्हीची उंची बत्तीस इंच, त्याची सहापट म्हणजे सोळा फूट. पंचावन्नची साडेतेरा. पंचाहत्तरची सव्वाअठरा. आमचा शेवटचा बाक वीस फुटांवर! म्हणजे पंचाहत्तर इंचीसुद्धा पुरेना. आणि फळ्याच्या भिंतीवर लावला तर समोरच पश्चिमेची खिडकी. काचेत मुलांना सूर्यास्त दिसला असता.

तोडगा काढला सौ.ने. चहाचा ट्रे हातात घेऊन ती म्हणाली, “क्लासच आडवा करा की!”

टेप घेऊन बसलो. टीव्ही लांब भिंतीवर लावायचा. बाक चार फुटी, तीन-तीन मुलांचे, एकूण दहा. मागे चार, त्यापुढे चार आणि सगळ्यात पुढे फक्त दोन, तेही मधोमध. कारण पुढच्या कोपऱ्यातून टीव्ही फारच तिरका दिसतो. मी वर्तुळ शिकवणार आणि तो पोरगा वहीत शहाळं काढणार. आता मागच्या रांगेतली डोकी भिंतीपासून साडेबारा फुटांवर आली. कोपऱ्यातला मुलगा मध्यापासून नऊ फूट बाजूला. पायथागोरस लावला, अंतर साडेपंधरा फुटांच्या आत. पंचावन्न नापास, पासष्ट काठावर पास. खिडकी बाजूला गेल्यामुळे तिचं प्रतिबिंबही बहुतेकांच्या नजरेतून गेलं. वीस वर्षं शिकवलेला पायथागोरस माझ्या उपयोगी पडला तो हा पहिलाच.

खरेदीच्या वेळी दोनच गोष्टींवर अडून बसलो. एक, बाजूने पाहिल्यावर रंग फिके पडणारं पॅनल नको. त्यासाठी दुकानातल्या प्रत्येक टीव्हीपुढून मी खेकड्यासारखा चालत गेलो. दुसरं, वॉरंटी कार्डातली ‘व्यावसायिक वापर’ ही ओळ वाचली. घरगुती टीव्ही क्लासात लावला तर पुष्कळदा वॉरंटी चालत नाही, हे सेल्समन आपणहून सांगत नाही.

खोकं जिन्याच्या वळणावर अडकलं, त्यावर वेगळा लेख होईल. टीव्ही ‘स्मार्ट’ असल्यामुळे पहिल्याच आठवड्यात, ओहमचा नियम चालू असताना, घरमालकांच्या सूनबाईंनी वरच्या मजल्यावरून मोबाइलवरची मालिका चुकून आमच्या पडद्यावर पाठवली. वायफाय एकच ना! सासूने कारस्थान सुरू केलं आणि वर्गात प्रथमच संपूर्ण शांतता पसरली. तेव्हापासून वायफाय काढलं आणि लॅपटॉप एचडीएमआय वायरने जोडतो.

राहिले घरमालक काका. भिंतीला चार भोकं पाडायची म्हटल्यावर त्यांनी भाडं वाढवलं नाही, फक्त अट घातली: भारताची मॅच असेल तेव्हा बॅच लवकर सोडायची. गेल्या रविवारी ते आले, ऐसपैस म्हणून मागच्या कोपऱ्यातल्या बाकावर बसले आणि तिसऱ्या षटकाला चष्मा पुसत म्हणाले, “मास्तर, माणसं दिसतात हो, पण स्कोअर काही वाचता येत नाही. पंचाहत्तर इंची घ्यायचा होतात.”