दारावरचा कॅमेरा आणि घरमालकाची चिठ्ठी

“इमारत माझी, दार माझं. कॅमेरा लावला तर भाडेकरूंना एका ओळीत कळवलं की झालं ना? जर्मनीत त्याचं एवढं प्रस्थ कशाला?” - कोथरूडचे एक घरमालक

एका ओळीत भागत नाही. का, ते बर्लिनच्या एका खटल्यात दिसतं. सरकारी मालकीच्या एका गृहनिर्माण कंपनीला संशय आला, की भाडेकरू परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवते आहे. कंपनीने गुप्तहेरांकरवी जिन्यात छुपे कॅमेरे बसवले, घरात कोण येतं-जातं ते टिपलं आणि त्या जोरावर भाडेकरार मोडला. मार्च २०२४ मध्ये कार्ल्सरूहच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ते चित्रण पुरावा म्हणून नाकारलं. शेजाऱ्यांकडे चौकशी करता आली असती, गिऱ्हाईक असल्याचं भासवून कुणाला तरी पाठवता आलं असतं. सौम्य वाट मोकळी असताना कठोर वाट धरली, हा आक्षेप होता.

आता साधं प्रकरण घेऊ. आठ बिऱ्हाडांची इमारत आहे, खालच्या बोळातून दोन सायकली आणि एक बाबागाडी चोरीला गेली आहे. मालकाने आधी दाराचं आपोआप बंद होणारं स्प्रिंग दुरुस्त करायला हवं आणि दिवा लावायला हवा. चोऱ्यांच्या तारखा आणि पोलीस तक्रारीचे क्रमांक लिहून ठेवायला हवेत. तरीही चोऱ्या थांबल्या नाहीत, तर कॅमेऱ्याला आधार मिळतो. मग भाडेकरूंना जायची चिठ्ठी साधारण अशी असते:

“१ तारखेपासून मुख्य दाराच्या आत एक कॅमेरा सुरू होईल. सायकली आणि बाबागाड्यांच्या चोऱ्या रोखणं एवढाच त्याचा हेतू आहे. त्यात दार आणि सायकली ठेवायची जागा दिसेल. रस्ता, फुटपाथ, जिना आणि कुणाच्याही घराचं दार दिसणार नाही. आवाज टिपला जाणार नाही. चित्रण ७२ तासांनी आपोआप पुसलं जाईल. ते मी आणि इमारतीचे व्यवस्थापक, आम्ही दोघंच, आणि तेही चोरीची तक्रार आल्यावरच पाहू. स्वतःचं चित्रण मागायचं असेल, आक्षेप असेल, तर खालच्या पत्त्यावर लिहा.”

शिवाय बाहेर, दारात पाऊल टाकायच्या आधी दिसेल अशी पाटी हवी. पोस्टमनला चिठ्ठी मिळत नाही, पण तोही टिपला जातो.

खरी गडबड चिठ्ठीनंतर होते. कागदावर ७२ तास लिहिलेले असतात आणि यंत्रात कारखान्याने ठरवलेले ३० दिवस तसेच राहतात. फुटपाथ झाकणारा काळा पट्टा फक्त फोनच्या ॲपमध्ये ओढलेला असतो, मूळ चित्रणात सगळं स्वच्छ दिसतं. म्हणून एक तुकडा संगणकावर उतरवून पाहावा. साफसफाईत कॅमेरा जरासा हलला तरी पट्टा भलत्याच जागी येतो. मायक्रोफोन चालू राहणं तर सर्वांत वाईट: जर्मनीत कुणाचं खासगी बोलणं परवानगीवाचून ध्वनिमुद्रित करणं हा फौजदारी गुन्हा आहे. आणि हालचाल झाली की मालकाच्या फोनवर संदेश येत असेल, तर “तक्रार आल्यावरच पाहू” या वाक्याला काही अर्थ उरत नाही. रात्री दीडला कोण आलं, हे मालकाला घरबसल्या कळत राहतं.

एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी तोडगा सुचवला, “आठही घरांच्या सह्या घेऊन टाका.” निम्मं बरोबर. सही करणारा उद्या ती मागे घेऊ शकतो, आणि पाहुण्यांच्या, पोस्टमनच्या सह्या कोण आणणार? म्हणून मालक संमतीपेक्षा आपल्या रास्त हितावर भर देतात आणि ते चोऱ्यांच्या नोंदींनी दाखवतात.

हॅम्बुर्गच्या एक मराठी बाई म्हणाल्या, “आमच्या बेलमध्येही कॅमेरा आहे, मग तोही काढायचा का?” तो प्रश्न वेगळा. २०११ मध्ये त्याच न्यायालयाने असा बेलचा कॅमेरा चालवून घेतला, कारण बेल वाजली तरच चित्र येत होतं, ज्याची बेल त्याच्याच घरात दिसत होतं, मिनिटभरात बंद होत होतं आणि साठवलं जात नव्हतं.

आपल्याकडे वाद होतो तो कॅमेरा हवा की नको यावर. माझ्या मते भांडायचं असेल तर चित्रण कोण पाहतं यावर भांडावं. आपल्याकडे गेटवरचा पडदा वॉचमनपासून चेअरमनपर्यंत कुणीही पाहतं, आणि भाड्याने राहणाऱ्या मुलींकडे कोण आलं याची क्लिप व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरू शकते. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आणि नोव्हेंबर २०२५ मधले त्याचे नियम सोसायटीच्या या पडद्यापर्यंत किती पोहोचतील, ते दिसेलच.

एका मुद्द्यावर मात्र कोथरूडकरांचं म्हणणं मला खोडता येत नाही. “भाडेकरू दहा दिवस सुट्टीवर गेला आणि परतल्यावर सायकल गायब दिसली, तर ७२ तासांचं चित्रण घेऊन काय करायचं?” ७२ तास हा जर्मनीतल्या डेटा संरक्षण अधिकाऱ्यांचा सर्वसाधारण दंडक आहे, कारण देऊन मुदत वाढवता येते. पण ऑगस्टची सुट्टी हे कारण पुरेसं ठरेल की नाही, यावर दोन जाणकारांची दोन मतं पडतात.