चौथ्या वाक्याला गाडी का अडली: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: सर, ‘पाठ करू नका, मनातून बोला’ हे लिहायला सोपं आहे. तुमचं ऐकून मी पाठ न करता गेलो आणि चौथ्या वाक्यालाच ब्लँक झालो. ज्याला बोलायची सवय आहे त्याने असे सल्ले द्यावेत. आम्हा डिप्लोमावाल्यांना पाठांतराचाच आधार असतो. रिझ्युमे मेल केलाय, त्यातून काय बोलायचं ते तुम्हीच करून दाखवा.

उत्तर:

तुमचा राग रास्त आहे. मुलाखतीत स्वतःची ओळख कशी करून द्यायची यावर ‘पाठ करू नका’ एवढंच लिहून मी थांबलो होतो, त्याऐवजी काय करायचं ते सांगितलंच नव्हतं. रिझ्युमे पाहिला. इथे त्यावर लिहायला तुम्ही मेलवर हो म्हणालात, म्हणून लिहितो. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

आधी चौथ्या वाक्याचं. तुमची पहिली तीन वाक्यं नाव, गाव आणि डिप्लोमाची टक्केवारी अशी होती, असं तुम्ही मेलमध्ये लिहिलंय. चौथं अनुभवाचं. म्हणजे कागदावर जिथे ‘शिक्षण’ संपून ‘अनुभव’ सुरू होतो, बरोब्बर तिथे तुम्ही अडलात. कागदावर तिथे ठळक अक्षरात मथळा असतो, तो वाचणाऱ्याला पुढे नेतो. बोलताना मथळा नसतो. तिथे ‘मग’, ‘म्हणून’, ‘तेव्हा’ असले शब्द लागतात आणि तुमच्या दोन पानी रिझ्युमेत त्यातला एकही नाही. तो कुणाच्याच रिझ्युमेत नसतो. तुम्ही पाठ केलं नव्हतं हे खरं, पण डोक्यात क्रम कागदाचाच होता.

पाठ केलं असतं तर? ते मी स्वतः करून बसलोय. माझ्या दुसऱ्या की तिसऱ्या मुलाखतीत मी घडाघडा बोलत होतो आणि समोरचे गृहस्थ माझ्या रिझ्युमेवरून पेन खाली खाली सरकवत होते, माझ्याच वेगाने. एका ओळीवर पेन थांबलं. त्यांनी वर पाहून विचारलं, “ही ओळ राहिली का?” खरंच राहिली होती.

आता तुमचा कागद. दोन वर्षांच्या कामाबद्दल तिथे लिहिलंय: ‘रिस्पॉन्सिबल फॉर मेंटेनिंग डायमेन्शनल अ‍ॅक्युरसी. रिडक्शन इन रिजेक्शन बाय ६६.६७ टक्के.’ कागदावर चालेल. तोंडी मात्र या दोन वाक्यांत माणूसच नाही. कुणी मोजलं, कधी मोजलं, काय चुकत होतं, काहीच कळत नाही. शिवाय दशांश चिन्हानंतरचे आकडे कानात टिकत नाहीत. म्हणून तुम्हाला मेलवर विचारलं की नक्की काय झालं होतं, आणि तुम्ही जे लिहिलंत ते रिझ्युमेपेक्षा कितीतरी चांगलं होतं. दुपारनंतर पंपाच्या केसिंगचा बोअर, म्हणजे आतलं भोक, मापाला कमी यायचा, कारण इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारा तुकडा, झिजायचा आणि कुणी मध्ये मापायचंच नाही. तुम्ही दर वीस नगांनी बोअर गेज लावून वेअर ऑफसेट, म्हणजे झिजेइतकी दुरुस्ती, मशीनला द्यायला लागलात. शंभरात सहा नग जायचे, ते दोनवर आले.

ही तुमची ओळख. डिप्लोमाची टक्केवारी नव्हे, ती समोर कागदावर दिसतेच आहे.

आता करायचं असं. कागद उलटा ठेवा आणि फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा. जुना वर्गमित्र, जो हल्ली दुसऱ्या कंपनीत मशीनवर आहे, तो विचारतोय असं समजा: “काय चाललंय तिकडे तुझं?” त्याला सांगा. तीनदा सांगा, मध्ये काही लिहू नका. मग तिन्ही ऐका आणि त्यातलं बरं वाटेल ते जसं बोललात तसं उतरवून काढा, ‘ते काय झालं’, ‘आपलं हे’ यांसकट. त्यातलं नको ते काढून टाका, पण वाक्यं सुधारू नका. क्रम असा उलटा ठेवा, आधी बोलणं आणि मग लिहिणं. आधी लिहायला बसलं की हाताला ‘कार्यरत’ आणि ‘जबाबदारी पार पाडली’ हेच सुचतं, आणि ते तोंडात शिरलं की निघत नाही.

तुमच्या मेलमधल्याच शब्दांवरून मी जोडलं ते असं झालं:

“नमस्कार, मी अमुक. दोन वर्षं झाली, शिरोलीला सीएनसी टर्निंगवर आहे. पंपाचं केसिंग असतं, ते करतो. पहिले सहा महिने नुसता जॉब लावायचा आणि काढायचा, मग हळूहळू सेटिंग माझ्याकडे आलं. तेव्हा लक्षात आलं की आमचे जे नग जातात ते बहुतेक दुपारनंतरचे असतात. इन्सर्ट झिजलेला असायचा, बोअर कमी यायचा आणि कळायचं ते शेवटी, तपासणीला. म्हणून मी दर वीस नगांनी स्वतःच मापायला लागलो. आधी शंभरात सहा जायचे, आता दोन जातात. सेटिंग जमतं, पण प्रोग्रॅम अजून दुसऱ्याने दिलेलाच चालवतो. ते शिकायचंय, म्हणून तुमच्याकडे अर्ज केला.”

सावकाश बोललं तरी हे मिनिटभरात संपतं. एवढंच पुरे. यात जन्मतारीख, वडिलांचा व्यवसाय, छंद काही नाही, आणि कुणाला ते हवं असेल तर विचारतील. ‘मायसेल्फ अमुक’ हेही नाही. ते इंग्रजीतही चुकीचंच आहे, पण तो वेगळा विषय.

हा परिच्छेद मात्र पाठ करू नका. पाठांतराचा आधार हवा म्हणता, तर पहिलं आणि शेवटचं वाक्य खुशाल पाठ करा. घाबरलेल्या माणसाला सुरुवातीला आणि थांबताना कठडा लागतोच. मधल्या भागासाठी चिठ्ठीवर चार शब्द लिहा: केसिंग, दुपार, वीस, प्रोग्रॅम. त्यावरून रोज दोनदा सांगा. प्रत्येक वेळी शब्द थोडे बदलले तर ठीक चाललंय. चौथ्या दिवशी तेच शब्द त्याच चालीत यायला लागले, प्रत्येक वाक्याचा शेवट सारखाच खाली पडायला लागला, तर समजा पाठ झालं. मग दोन दिवस सोडून द्या.

खात्री करायची असेल तर घरातल्या कुणाला तरी मध्येच तोडायला सांगा. “वीसच का? दहा का नाही?” असं. उत्तर देऊन तुम्ही प्रोग्रॅमपर्यंत पोचलात तर झालं. परत ‘नमस्कार’वर गेलात तर अजून कागदच बोलतोय.

मुलाखत इंग्रजीत असेल तरी रेकॉर्डिंग आधी मराठीतच करा. मग शॉपवर जे इंग्रजी रोज वापरता त्यातच ते सांगा. ‘बोअर वॉज कमिंग अंडरसाइज आफ्टर लंच’ हे त्या ‘डायमेन्शनल अ‍ॅक्युरसी’पेक्षा कुठल्याही प्रॉडक्शन मॅनेजरला लवकर कळतं. हां, काही जण मुद्दाम ‘रिझ्युमेप्रमाणे क्रमाने सांगा’ म्हणतात. तिथे क्रमानेच जा, फक्त दोन टप्प्यांमध्ये ‘मग काय झालं’ ते जोडा.

आणि एक. हे असं सांगितलंत की पुढचा प्रश्न बहुधा ऑफसेटचाच येणार. वीस नगांमागे साधारण किती मायक्रॉन द्यावा लागायचा, ते तुम्ही मेलमध्ये लिहिलेलं नाही. ते सोमवारी मशीनवर बघून ठेवा.