टीसी वाचायची तर हीट नंबरापासून

"टीसी हातात आली की झालं, माल पास. ग्रेडमध्ये ई२५० लिहिलंय ना, मग पुढची अक्षरं बघायची गरज नाही. यील्ड २५०च्या खाली असेल तर परत पाठवा, आणि जितकी जास्त तितका माल भारी. हीट नंबर मिलवाल्यांच्या कामाचा, आपल्याला त्याचं काय?"

बेळगावातल्या पोलादाच्या प्लेटी घेणाऱ्या खरेदीवाल्यांत हा निरोप फिरतोय. टीसी म्हणजे मिलने मालासोबत दिलेलं टेस्ट सर्टिफिकेट. शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण खरी फसगत तिथेच होते.

हीट म्हणजे काय हे उद्यमबागेत कुणाला शिकवायला नको. फाउंड्रीत भट्टीची एक ओत म्हणजे एक हीट, आणि त्या ओतीचा नमुना आपण वेगळा ठेवतो. पोलाद कारखान्यातही तेच, फक्त भांडं मोठं. लॅडलमधल्या पातळ पोलादाचा नमुना काढून कार्बन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस मोजतात आणि त्या ओतीला नंबर देतात. पुढे तिच्यातून निघालेल्या प्रत्येक प्लेटीवर तोच नंबर रंगाने किंवा पंचने येतो. टीसीवर रसायनाचे जे आकडे दिसतात ते त्या लॅडलचे. प्लेटीवरचा नंबर टीसीशी जुळला नाही तर ते आकडे दुसऱ्याच कुठल्या तरी प्लेटीचे झाले.

आमच्याकडे घडलेलं सांगतो. साखर कारखान्याच्या एका प्लॅटफॉर्मसाठी १२ मिमीच्या २६ प्लेटी मागवल्या, १५०० बाय ६३०० मापाच्या. व्यापाऱ्याने टीसीचा फोटो मोबाइलवर पाठवला. ग्रेड बरोबर, यील्ड बरोबर, शिक्का ठसठशीत. मी मात्र वजनाचा रकाना बघितला. १२ मिमी प्लेटीचं वजन चौरस मीटरला ९४.२ किलो आणि एका प्लेटीचं क्षेत्रफळ ९.४५ चौरस मीटर, म्हणजे एक प्लेट ८९० किलोची. टीसीवर वजन होतं ८.९ टन. त्यात दहा प्लेटी बसतात. उरलेल्या सोळांचं काय?

"ओ साहेब, एकाच लॉटचा माल हाय की," व्यापारी म्हणाला.

असूही शकतं. मोठ्या कारखान्याची एक हीट शंभर टनांच्या वर जाते, तेव्हा त्याच हीटच्या आणखी सोळा प्लेटी असणं अशक्य नाही. पण मग त्या प्लेटींची नोंद असलेली टीसी पण असणार, ती द्या. शेवटी तारेचा ब्रश घेऊन सगळ्या प्लेटी घासल्या. दहांवर टीसीवरचाच नंबर, नऊंवर वेगळी हीट, आणि सातांवर काहीच नाही. नऊंची टीसी दोन दिवसांनी आली, ती जुळली, माल घेतला. सात परत पाठवल्या.

त्या सात लॅबमध्ये तपासून घेता आल्या असत्या, असं आमच्याच एका माणसाचं म्हणणं होतं. एका प्लेटीचा तुकडा कापून तपासला तर निकाल त्या प्लेटीपुरताच. बाकीच्या सहा तिच्याच हीटच्या आहेत हे कोण सांगणार? नंबर नसेल तर सातही प्लेटींचे तुकडे काढावे लागतात, आणि तो खर्च व्यापारी देत नाही.

हा नंबर आपल्याच शॉपमध्येही हरवतो, हे कबूल करायला हवं. तो प्लेटीच्या एका कोपऱ्यात असतो आणि कटिंगवाला पहिला तुकडा तिथूनच काढतो. उरलेला अर्धा भाग अनाथ. म्हणून गॅस लावायच्या आधी प्रत्येक तुकड्यावर आणि उरणाऱ्या भागावर नंबर पंचने उतरवायचा, आणि कटिंगच्या नकाशावरही लिहायचा.

आता ग्रेड. यील्ड म्हणजे ज्या ताणाला पोलाद कायमचं वाकायला लागतं तो ताण. ई२५० म्हणजे किमान यील्ड २५० मेगापास्कल, एवढंच तो आकडा सांगतो. आयएस २०६२ या पोलादाच्या भारतीय मानकात त्याच्या पुढे ए, बीआर, बी०, सी अशी शेपटं येतात, आणि पैसे त्या शेपटांचे असतात. एमध्ये आघात चाचणी नाही. बीआरमध्ये ती खोलीच्या तापमानाला होते, पण ग्राहकाने मागितली तरच. बी०मध्ये शून्य अंशाला आणि सीमध्ये उणे २० अंशांना २७ जूल मिळावे लागतात. म्हणून बीआरच्या टीसीवर आघाताचा रकाना रिकामा दिसला तर ती मिलची चूक नव्हे, आपण ऑर्डरमध्ये लिहिलं नव्हतं. पण ड्रॉइंगवर बी० असताना "बीआर आणि बी० एकच की" म्हणून कुणी बीआर दिला, तर घेऊ नका. हातातल्या स्पेक्ट्रोमीटरने हा फरक पकडता येत नाही, कारण ते यंत्र रसायन दाखवतं, प्लेट थंडीत तडकेल की नाही हे दाखवत नाही.

यील्डच्या बाबतीत निरोप दोन्ही बाजूंनी चुकतो. २५० हा आकडा २० मिमीपेक्षा कमी जाडीसाठी आहे. २० ते ४० मिमीला किमान २४० लागते, ४०च्या वर २३०. मच्छेतल्या ओळखीच्या एका खरेदीवाल्याने बेस प्लेटची २५ मिमीची प्लेट परत पाठवायला काढली होती, कारण टीसीवर २४६ होतं. ती प्लेट पास होती. हेच २४६ जर १६ मिमीच्या प्लेटीवर असतं तर ती नापास. म्हणून जाडीचा रकाना न बघता यील्डचा रकाना वाचायचाच नाही.

आणि ३८० आलं म्हणून खूश व्हायचं काही कारण नाही. डिझाइन करणाऱ्याने हिशेब धरलाय तो ग्रेडच्या किमान आकड्याचा. टीसीवर जास्त आलं म्हणून तो जाडी कमी करून देणार नाही, आणि द्यायलाही नको, कारण तो आकडा एका चाचणी तुकड्याचा आहे. उलट बेंडिंगवाल्याची पंचाईत होते. एका हीटची प्लेट २९०ची, दुसरीची ३८०ची, आणि दोन्ही प्रेस ब्रेकवर एकाच सेटिंगने मारल्या तर दुसरी जास्त उघडते. मग ऑपरेटरवर ओरडायचं की टीसीवर? जिथे बाक द्यायचा आहे तिथे आम्ही एका हीटचा माल एकत्र लावतो, हीट बदलली की पहिला तुकडा कोनमापकाने मोजतो. जास्त यील्ड दिसली तर मी लगेच इलाँगेशन बघतो, ते ई२५०ला किमान २३ टक्के हवं. मग वेल्डिंगसाठी कार्बन इक्विव्हॅलंट. हे दोन्ही मर्यादेत असतील तर माल चालतो, पण भारी वगैरे काही नाही.

टीसी हातात येण्याबद्दल थोडंच. मोबाइलवरचा फोटो कुणीही कुणालाही पाठवू शकतो. कागदावर आयएसआय चिन्हाबरोबर CM/L ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो बीआयएस केअर अॅपवर टाकला की परवाना कुणाचा आणि चालू आहे का हे कळतं. मात्र परवाना खरा असला तरी समोरची प्लेट त्याच मिलची आहे हे त्यातून ठरत नाही. त्यासाठी परत ब्रशच घ्यावा लागतो.

सात प्लेटी परत गेल्यापासून आमच्या ऑर्डरवर एक ओळ छापलेली असते: "प्रत्येक प्लेटीवर हीट नंबर वाचता आला पाहिजे, टीसीवरचं वजन पुरवलेल्या वजनापेक्षा कमी नको, नंबर नसलेली प्लेट उतरवून घेतली जाणार नाही." पहिल्या महिन्यात दोन व्यापाऱ्यांनी कुरकुर केली. तिसऱ्याने गाडी भरण्याआधीच प्लेटींचे फोटो पाठवले, नंबर खडूने घेरून.