एकाच फंडाचे तीन नंबर: धरणगावच्या वाचकाला उत्तर

«मागच्या लेखात तुम्ही तीन फंडांत औषध कंपन्यांच्या फंडाला अल्फावरून पहिला नंबर दिला. मी शार्प रेशो काढला तर तोच फंड तिघांत शेवटी, इंडेक्सच्याही खाली. ट्रेनर काढला तर पुन्हा पहिला. सोयीचा आकडा घ्यायचा आणि नंबर लावायचा, असं आहे का? एकच माप धरा आणि त्यावर ठाम राहा. कपाशीचे आलेले सगळे पैसे मी त्यात टाकणार होतो.» (एक वाचक, धरणगाव)

भाऊ, तुमचा हिशेब बरोबर आहे. चूक माझ्या लेखात आहे. मी क्रम लावला, पण तो कोणाच्या कामाचा हे सांगितलं नाही. तुमच्या शेवटच्या वाक्यातला «सगळे» हा शब्द वाचला आणि त्याच रात्री उत्तर लिहायला बसलो, कारण सगळं त्याच शब्दावर अवलंबून आहे.

लेखातले आकडे पुन्हा समोर ठेवू. हिशेब सोपा जावा म्हणून ते गोल घेतले होते. बिनजोखीम व्याज ६ टक्के. इंडेक्सचा, म्हणजे एकूण बाजाराचा, परतावा १२ टक्के, आणि त्याचा वर्षाचा चढउतार, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, १५. औषध फंडाचा परतावा १५ टक्के, चढउतार २५, बीटा ०.८, म्हणजे बाजार एक टक्का हलला की फंड सरासरी ०.८ टक्के हलतो. व्याजापेक्षा त्याने ९ टक्के जास्त दिले. या ९ ला २५ ने भागलं की शार्प ०.३६ येतो. इंडेक्सचा ६ भागिले १५, म्हणजे ०.४०. इथपर्यंत फंड मागे आहे. पण तेच ९ बीटाने भागले की ट्रेनर ११.२५, आणि इंडेक्सचा फक्त ६. अल्फाचं गणित असं: ०.८ बीटासाठी बाजाराने ४.८ टक्के द्यायला हवे होते, फंडाने ९ दिले, म्हणून वरचे ४.२ त्याचे.

व्याजावरचे ९ तिन्ही मापांत तेच आहेत, फरक जोखमीत आहे. या फंडाच्या २५ चढउतारातला बाजारामुळे आलेला भाग म्हणजे ०.८ गुणिले १५, बारा. वर्ग करून पाहा: ६२५ पैकी १४४, जेमतेम २३ टक्के. फंडाच्या माहितीपत्रकावर, म्हणजे फॅक्टशीटवर, आर-स्क्वेअर्ड म्हणून ०.२३ छापतात तो हाच आकडा. उरलेला ७७ टक्के हलकल्लोळ औषध धंद्याचा स्वतःचा आहे: अमेरिकी तपासणीत कारखान्यावर ठपका आला, सरकारने औषधाच्या किमतीवर मर्यादा घातली, असल्या कारणांचा. बीटाला तो दिसतच नाही. म्हणून ट्रेनर आणि अल्फा दोघंही त्याची शिक्षा देत नाहीत. शार्प पुरेपूर देतो.

रावेरचा केळीवाला हे लगेच ओळखेल. ज्याचं सगळं शेत केळीचं आहे, त्याचं वर्ष जूनमधल्या एका वादळात आडवं होतं. ज्याच्या वीस एकरांत चार एकर केळी आहे, त्यालाही तेच वादळ लागतं, पण वर्षाच्या हिशेबात ते बरंचसं विरून जातं. केळी तीच, वादळ तेच.

आता हे आकड्यांत करू. समजा कोणाचे ८० रुपये इंडेक्स फंडात आहेत आणि २० या औषध फंडात. व्याजावरचा परतावा ६.६ टक्के होतो. एकत्र चढउतार निघतो सुमारे १५.०५, म्हणजे इंडेक्सइतकाच. शार्प ०.४० वरून ०.४४ वर जातो. ज्या फंडाचा स्वतःचा शार्प इंडेक्सपेक्षा वाईट, त्यानेच पूर्ण गाठोड्याचा शार्प सुधारला. लेख लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर हा २० रुपयेवाला माणूस होता. तुम्ही १०० रुपयेवाले आहात. तुमच्यासाठी ०.३६ हाच खरा आकडा आहे, आणि तुम्ही शार्पवर बोट ठेवलं ते योग्य ठेवलं.

अमळनेरची गोष्ट आपल्याकडे घरोघरी सांगतात. १९४५ साली तिथे विप्रो सुरू झाली, आणि गावातल्या ज्या घरांनी ते शेअर सांभाळले त्यांचं भलं झालं. मलाही त्याचा अभिमान आहे. पण ज्या कंपन्या बुडाल्या त्यांच्या भागधारकांची गोष्ट कोणी सांगत नाही. एकाच शेअरवर घर उभं असेल, तर त्या शेअरचा सगळा चढउतार त्या घराचा असतो, बीटा कितीही छोटा असो.

उरलेले दोन फंड मी लेखात घाईने उरकले होते. धीमा फंड: परतावा ११, चढउतार १०, बीटा ०.६. तेज फंड: परतावा १७, चढउतार २३, बीटा १.४. अल्फा धीम्याचा १.४, तेजचा २.६. ट्रेनर उलट, धीम्याचा ८.३३, तेजचा ७.८६. इथलं भांडण वेगळं आहे. अल्फा हा आकारमानाचा आकडा आहे. मोठ्या बीटावर थोडं कौशल्यही मोठं दिसतं. तपासायचं असेल तर तेज फंडात पाणी घाला: १०० पैकी ४३ रुपये त्यात, ५७ सहा टक्के देणाऱ्या लिक्विड फंडात. बीटा ०.६ झाला, धीम्याइतकाच. परतावा मात्र १०.७ टक्के, धीम्याच्या ११ पेक्षा कमी. म्हणजे बाजाराच्या समान जोखमीवर धीमा फंड सरस आहे, आणि ट्रेनरने ते बरोबर सांगितलं.

तरी अल्फा फेकून देऊ नका. मघाचा २० रुपयांचा प्रयोग तिन्ही फंडांवर केला, तर शार्प औषधाने ०.४४, तेजने ०.४३ आणि धीम्याने ०.४२ होतो. हा अल्फाचाच क्रम आहे. इंडेक्सला छोटी जोड द्यायची असेल तेव्हा तो क्रम उपयोगी. जोड मोठी होत गेली की औषध फंडाचा स्वतःचा चढउतार पुढे येतो आणि क्रम पालटतो.

आणखी एक गोष्ट मी पहिल्यांदाच लिहायला हवी होती. औषध फंडाचा बाजाराबाहेरचा चढउतार वर्षाला २२ च्या आसपास आहे. फॅक्टशीटवरचे हे आकडे सहसा ३ वर्षांवरून काढलेले असतात. तेवढ्या काळात अल्फातली चूक २२ भागिले ३ चं वर्गमूळ, म्हणजे जवळपास १३ टक्के होते. आपला ४.२ चा अल्फा त्यात बुडून जातो. तो नशिबाचा नाही हे खात्रीने म्हणायला या चढउताराने शंभराहून जास्त वर्षं लागतील. शिवाय आर-स्क्वेअर्ड ०.२३ असताना बीटाच डळमळीत, आणि त्यावर उभे असलेले ट्रेनर व अल्फाही. त्या फंडाला औषध कंपन्यांच्या इंडेक्सशी लावून पाहा. बराचसा अल्फा मॅनेजरचा नसून औषध क्षेत्राचा निघण्याची शक्यता मोठी. म्हणून फॅक्टशीट उघडली की मी आधी आर-स्क्वेअर्ड बघतो. तो ०.८ च्या खाली असेल तर शार्पवर थांबतो.

तुमच्या पैशांबद्दल: पुढच्या हंगामाचं बियाणं, खत, मजुरी यांत जे लागणार ते या तिन्ही मापांच्या बाहेर ठेवा, बँकेतच. जे सात-आठ वर्षं लागणार नाही, त्याचा मोठा भाग इंडेक्समध्ये किंवा धीम्यासारख्या फंडात घाला. धीम्याचा शार्प ०.५० आहे, तिघांत सर्वांत वर. औषध फंड आवडलाच असेल तर पाचातला एक हिस्सा, त्याहून जास्त नाही.

मागच्या लेखाच्या सुरुवातीला मी आज दुरुस्ती घातली आहे, आणि क्रमाच्या शेजारी «इंडेक्सला २० टक्के जोड म्हणून» असं लिहिलं आहे.