पहिल्या पदांवरून तिरपी अनंतस्पर्शी मिळत नाही

“अनंतस्पर्शी काढायला भागाकार कशाला? फक्त कोटी बघा. अंश-छेदाची कोटी सारखी असेल तर पहिल्या सहगुणकांचं गुणोत्तर घ्या. अंशाची कोटी एकने जास्त असेल तर पहिल्या पदाला पहिल्या पदाने भागा, झाली तिरपी रेषा. आणि आलेख अनंतस्पर्शीला कधीच छेदत नाही.”

या सल्ल्यातला सारख्या कोटीचा नियम बरोबर आहे. छेदाची कोटी जास्त असेल तर y = 0, हेही त्यात जोडून घ्या. अडचण तिरप्या रेषेपाशी सुरू होते.

हे फलन घ्या:

f(x) = (2x² + 3x − 1)/(x − 1)

पहिल्या पदांचा भागाकार 2x. आता x च्या जागी १०१ ठेवा. फलनाची किंमत २०७.०४ येते आणि 2x ची २०२, म्हणजे फरक ५.०४. १००१ ठेवलं तर फरक ५.००४. कितीही पुढे गेलात तरी आलेख y = 2x या रेषेजवळ येत नाही, तो तिच्यापेक्षा साधारण ५ ने वर राहून चालतो.

पूर्ण भागाकार केला की हा ५ कुठून आला ते दिसतं:

f(x) = 2x + 5 + 4/(x − 1)

x वाढेल तसं शेवटचं पद शून्याकडे जातं, म्हणून अनंतस्पर्शी y = 2x + 5. पहिली पदं एवढंच सांगतात की f(x) आणि 2x यांचं गुणोत्तर १ कडे जातं. अनंतस्पर्शीसाठी मात्र त्यांची वजाबाकी शून्याकडे जायला हवी, आणि ही अट बरीच कडक आहे. कोटींची तुलना तिरपी रेषा आहे की नाही हे सांगते, पहिल्या पदांचा भागाकार तिचा चढ देतो. y-अक्षावरचा छेद भागाकारातूनच मिळतो. सारख्या कोटीत भागाकार एक स्थिर संख्याच असते, शोधायला दुसरं पद उरतच नाही, म्हणून तिथे पहिल्या सहगुणकांवर भागतं.

कोटी वाचण्याआधी अंश पूर्ण सोडवून घ्यावा, हेही इथेच सांगायला हवं. (x + 1)² − x² ची कोटी २ दिसते, पण x² उडून जातो आणि 2x + 1 उरतं.

आता छेदण्याबद्दल. वरच्या फलनात बाकी ४ आहे, ती कधीच शून्य होत नाही, म्हणून तिथे आलेख रेषेला छेदत नाही. पण हे पाहा:

(x³ + x² + 2x − 1)/(x² + 1) = x + 1 + (x − 2)/(x² + 1)

बाकी x = 2 ला शून्य होते. तिथे फलनाची किंमत १५/५ = ३ आणि रेषेचीही ३, म्हणजे आलेख y = x + 1 ला सरळ ओलांडून जातो. आडव्या रेषेचंही तेच: x/(x² + 1) चा आलेख y = 0 ला आरंभबिंदूत छेदतो. आलेख रेषेला कुठे छेदेल हे शोधायचं तर बाकी शून्याबरोबर मांडून समीकरण सोडवा, आणि मिळालेल्या किंमतीला छेद शून्य होत नाही ना, तेवढं तपासा. आलेख कधीच ओलांडत नाही तो उभ्या अनंतस्पर्शीला, कारण तिथे परिमेय फलनाला किंमतच नसते.