‘समायोजन केले’, पण कशाचे?

आपण या आठवड्यापासून जर्नल व्हाउचर लिहिणार आहात असे कळल्यावर, आपल्याआधी त्या खुर्चीवर बसून गेलेल्या मंडळींनी मागे ठेवलेला वारसा मी मुद्दाम पुन्हा एकदा चाळला. त्यात ‘समायोजन केले’, ‘वरीलप्रमाणे’, ‘साहेबांच्या सांगण्यावरून’ आणि ‘चूक दुरुस्त केली’ अशी नॅरेशने विपुल आहेत. ‘वरीलप्रमाणे’ या शब्दावर विश्वास ठेवून वर पाहावे, तर तिथल्या नोंदीखाली ‘खालीलप्रमाणे’ असे लिहिलेले आढळते. साहेबांनी नेमके काय सांगितले होते हे साहेबांनाही आठवत नाही. ऑडिटरची माणसे आली की या सर्व साहित्याचा अर्थ मला विचारला जातो, कारण लेखक दुसऱ्या विभागात गेलेले असतात आणि मी मात्र जागेवर सापडतो.

रोख किंवा बँकेच्या नोंदीचे नॅरेशन वाईट असले तरी एक वेळ निभावते, कारण तिथे पावती असते, बँकेचा उतारा असतो, म्हणजे आपल्या कार्यालयाबाहेरचा कोणीतरी साक्षीदार असतो. जर्नल व्हाउचरमध्ये बहुधा पैसा हलतच नाही. रक्कम एका खात्यातून उचलून दुसऱ्या खात्यात ठेवली जाते आणि हे का केले, हे आपण सांगाल तेवढेच जगाला कळते. म्हणूनच ‘देखभाल खर्च खाते नावे केले व यंत्रसामग्री खाते जमा केले’ असे नॅरेशन लिहिणाऱ्याचा मला विशेष राग येतो. नावे आणि जमा काय झाले ते वरच्या दोन ओळींत छापलेलेच असते. तेच तिसऱ्या ओळीत सांगणारा माणूस खोटे बोलत नाही, पण उपयोगाचेही काही बोलत नाही.

याच नोंदीचे उदाहरण घेऊ. यंत्राच्या वार्षिक देखभालीचे 24,000 चे बिल आले आणि ते देखभाल खर्चात न जाता यंत्रसामग्री खात्यात गेले, म्हणजे जो खर्च त्याच वर्षी संपायला हवा होता तो मालमत्ता होऊन बसला. तीन महिन्यांनी कोणाच्या तरी लक्षात आले आणि जर्नल व्हाउचर करून 24,000 देखभाल खर्चाला नावे आणि यंत्रसामग्रीला जमा पडले. नॅरेशन होते: ‘चूक दुरुस्त केली.’ आता यंत्रसामग्रीचे खाते उघडणाऱ्याला जमा बाजूला 24,000 दिसतात आणि त्याला पहिली शंका येते की यंत्र विकले की काय. विकले असेल तर विक्रीचे बिल कुठे आहे, नफा की तोटा, मालमत्ता नोंदवहीतून ते कमी का झाले नाही, अशी प्रश्नांची रांग लागते आणि न विकलेल्या यंत्राचा ग्राहक शोधण्यात आमची अख्खी दुपार जाते.

त्याऐवजी असे लिहिता आले असते: ‘यंत्राच्या वार्षिक देखभालीचे बिल क्र. 317, दि. 12 ऑगस्ट, हे खरेदी व्हाउचर क्र. 142 ने यंत्रसामग्री खात्यात चुकून नोंदले गेले होते. ते देखभाल खर्चात वर्ग केले. या रकमेवरील घसाऱ्याची उलट नोंद जर्नल व्हाउचर क्र. 59 मध्ये.’ यात रक्कम पुन्हा लिहिलेली नाही, कारण ती वर आहेच. मूळ कागद कोणता, तो आधी कुठे नोंदला होता आणि आता का हलवला, एवढेच यात आहे आणि तेवढे पुरते. साहेबांचा उल्लेख नॅरेशनमध्ये नको. मंजुरीची सही व्हाउचरवर तिच्या जागी असावी.

घसाऱ्याचे शेपूट लोक हमखास विसरतात. दर महिन्याला घसारा नोंदला जात असेल आणि वार्षिक दर मूळ किमतीवर 10 टक्के असेल, तर 24,000 वर महिन्याला 200 याप्रमाणे तीन महिन्यांत 600 आकारले गेलेले असतात. मालमत्ताच नव्हती, तर तिची झीज कुठून आली? तेव्हा हे 600 उलटवावे लागतात. ती नोंद वेगळ्या व्हाउचरने करून दोन्ही व्हाउचरांवर एकमेकांचे क्रमांक घालावेत, हे बरे. दोन्ही गोष्टी एकाच नोंदीत कोंबल्या की 23,400 असा आकडा उरतो आणि तो कोणत्याच कागदावर सापडत नाही.

आता संदर्भाविषयी. बिलाचा क्रमांक देणाऱ्याचा असतो, व्हाउचरचा क्रमांक आपला असतो, आणि या दोघांची अदलाबदल करण्याची कला आमच्याकडे बरीच विकसित झालेली आहे. 317 क्रमांकाचे बिल एकाच महिन्यात दोन पुरवठादारांकडून येऊ शकते. म्हणून बिलाच्या क्रमांकाबरोबर तारीख आणि पुरवठादाराचे नाव कुठेतरी दिसलेच पाहिजे. व्हाउचरचे क्रमांक दरवर्षी पुन्हा एकपासून सुरू होत असतील, तर मागील वर्षाच्या व्हाउचरचा संदर्भ देताना वर्षही लिहावे, नाहीतर शोधणारा यंदाचे 142 काढतो आणि त्यात कोणाच्या तरी प्रवासभत्त्याचा हिशेब वाचत बसतो. संगणकात संदर्भासाठी वेगळा रकाना असेल तर क्रमांक तिथेही भरावा; वाक्यात दडलेला क्रमांक वाचता येतो, पण त्यावर यादी लावता येत नाही.

संदर्भ दोन्ही बाजूंनी हवा, हे मात्र मी हट्टाने सांगतो. दुरुस्तीच्या व्हाउचरवर 142 लिहिले, पण 142 वर दुरुस्तीची काहीच खूण नाही, तर मूळ व्हाउचर पाहणारा दुसरा उत्साही माणूस तीच चूक नव्याने शोधून काढतो आणि मोठ्या अभिमानाने दुसऱ्यांदा दुरुस्त करतो. त्यामुळे मूळ व्हाउचरवर ‘जर्नल व्हाउचर क्र. 58 ने वर्ग’ अशी तारखेसह टीप घालून सही करावी. मूळ आकडा खोडू नये आणि संगणकातील जुनी नोंदही बदलू नये. नव्या व्हाउचरला मूळ बिलाची प्रत आणि घसाऱ्याच्या व्हाउचरला 600 कसे आले त्याचा हिशेब जोडावा. हिशेबाच्या कागदावरही व्हाउचरचा क्रमांक लिहावा, कारण टाचणी केव्हा निष्ठा बदलेल याचा भरवसा नसतो.

दरमहा येणाऱ्या नोंदींत मागच्या महिन्याचे नॅरेशन उचलून डकवण्याची सोय आहे आणि ती आपण वापरणारच. मी अडवणार नाही. फक्त महिना बदलावा. आमच्या एका खात्यात विम्याचा एप्रिलचा हिस्सा सलग बारा महिने खर्ची पडला आहे. रकमा बरोबर, बेरीज बरोबर, तेरीज जुळलेली. ऑडिटरने मात्र बारा एप्रिल असलेले वर्ष कोणते, असे लेखी विचारले आहे, आणि त्या पत्राचे उत्तर आपल्या टेबलावर, डावीकडच्या खणात, अर्धवट लिहून ठेवले आहे.