पीएच नॉर्मल, पण रुग्ण नॉर्मल नाही

"एबीजीत पीएच ७.३५ ते ७.४५ च्या आत आहे ना, मग गॅस नॉर्मल समजा. कार्बन डायऑक्साइड थोडा वाढलेला असला तरी किडनीने भरपाई केलेली असते, घाबरायचे कारण नाही." धमनीतील रक्ताच्या वायू-तपासणीचा, म्हणजे एबीजीचा, असा अर्थ लावलेला वॉर्डात ऐकू येतो.

यातील पहिली चूक वेळेची आहे. कार्बन डायऑक्साइड साचू लागला की रक्तातील आम्लाला तोलणारे बायकार्बोनेट लगेच वाढते ते अगदी थोडे, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या दर १० मिमी पारा वाढीमागे जेमतेम १ एकक. किडनीची खरी भरपाई पूर्ण व्हायला तीन ते पाच दिवस लागतात आणि तेव्हा ही वाढ ३.५ ते ४ पर्यंत जाते. यवतमाळकडच्या एखाद्या शेतमजुराला रात्री जमिनीवर झोपेत मण्यार चावली, पहाटे पापण्या ढळू लागल्या आणि गॅस आला पीएच ७.३६, कार्बन डायऑक्साइड ४६, बायकार्बोनेट २५, असे समजा. आकडा मर्यादेत बसतो, पण बायकार्बोनेट जागचे हललेलेच नाही. येथे भरपाई झालेली नसून श्वासाचे स्नायू थकण्याची ही सुरुवात आहे. कार्बन डायऑक्साइड ६० वर पोचला की बायकार्बोनेट २६ च्या आसपास राहून पीएच ७.२६ वर येतो. म्हणून अशा रुग्णात पीएच घसरण्याची वाट न पाहता मान उचलता येते का, एका श्वासात किती अंक मोजता येतात हे पाहत राहावे आणि ट्यूब टाकण्याची तयारी ठेवावी. ऑक्सिजन लावल्यावर बोटावरचे यंत्र ऑक्सिजन ९८ टक्के दाखवत असले तरी कार्बन डायऑक्साइडबद्दल ते काहीच सांगत नाही.

दुसरी चूक अधिक फसवी आहे. चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या, सीओपीडी हा फुप्फुसांचा जुनाट आजार असलेल्या आजीबाईंचा गॅस पीएच ७.४०, कार्बन डायऑक्साइड ६०, बायकार्बोनेट ३६ असा आला, तर तो "पूर्ण भरपाई" म्हणून बाजूला ठेवला जातो. प्रत्यक्षात ६० ला जुन्या भरपाईने बायकार्बोनेट ३१-३२ पर्यंतच जायला हवे आणि पीएच ७.३५ च्या जवळ राहायला हवा, कारण एवढ्या कार्बन डायऑक्साइडला भरपाई पीएचला थेट ७.४० वर आणून ठेवत नाही. वरचे चार-पाच एकक दुसरीकडून आले आहेत. पायांची सूज उतरवण्यासाठी दिलेले फ्युरोसेमाइड किंवा सततच्या उलट्या ही नेहमीची कारणे. म्हणजे अॅसिडोसिसवर अल्कलोसिस चढला असून दोन बिघाडांनी मिळून एक साळसूद आकडा तयार केला आहे. त्यातच अल्कलोसिस श्वासाची प्रेरणा मंदावतो, त्यामुळे पोटॅशियम आणि क्लोराइड तपासून भरून काढणे हाही येथे श्वसनाचाच उपचार ठरतो.

आणि भरपाई खरोखर नेमकी असली तरी "घाबरायचे कारण नाही" हे मला पटत नाही. याच आजीबाईंना भरपूर ऑक्सिजन सोडला तर कार्बन डायऑक्साइड आणखी चढतो. त्यांच्यासाठी रक्तातील ऑक्सिजनचे ८८ ते ९२ टक्के एवढेच लक्ष्य ठेवावे, आणि औषधे व नेब्युलायझेशन देऊनही पीएच ७.३५ च्या खाली जात असेल तर मास्कमधून दाबाने श्वासाला आधार देणारे बायपॅप लावण्याचा निर्णय लांबवू नये.